ट्रान्झिस्टर बदलला तरी साडेपाच व्होल्ट

बीसी ५४७ हा छोटा काळा ट्रान्झिस्टर हौशी मंडळींच्या डब्यात हमखास सापडतो. त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा मात्र फारच सैल असतो. बेसमध्ये जाणाऱ्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहणार, याला बीटा म्हणतात. या जातीत तो ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकतो. ‘बी’ गटाचा ट्रान्झिस्टर मागून घेतला, तरी २०० ते ४५० एवढी मोकळीक उरतेच.

याचा त्रास कसा होतो ते पाहू. मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवायचा आहे आणि सर्किटला १२ व्होल्ट दिले आहेत. आवाजाची लाट वर-खाली दोन्हीकडे मोकळी हलावी म्हणून कलेक्टर शांत असताना साधारण मधोमध, साडेपाच व्होल्टच्या आसपास हवा. हाच ऑपरेटिंग पॉइंट. कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर त्यासाठी १.४ मिलीअँपिअर प्रवाह लागतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे १२ व्होल्टपासून बेसपर्यंत एकच मोठा रेझिस्टर. बीटा २०० धरला, तर बेसला ७ मायक्रोअँपिअर लागतात आणि तो रेझिस्टर १.६ मेगओहमच्या आसपास येतो. सर्किट छान चालतं. मग तो ट्रान्झिस्टर जळतो, आपण ४०० बीटाचा दुसरा लावतो. बेसचा प्रवाह तोच, म्हणून कलेक्टरमधून २.८ मिलीअँपिअर वाहायला हवेत. तेवढ्यासाठी त्या रेझिस्टरवर १३ व्होल्ट पडावे लागतील आणि आपल्याकडे आहेत १२. कलेक्टर जवळजवळ शून्यावर येऊन बसतो आणि आवाज फाटतो. ट्रान्झिस्टर निर्दोष असतो. एका ठरावीक बीटावर विसंबलेली मांडणी चुकलेली असते.

यावर उपाय म्हणजे बेसचा प्रवाह ठरवायच्या भानगडीत न पडता त्याचं व्होल्टेज ठरवणं. १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७ किलो आणि १० किलो असे दोन रेझिस्टर ओळीने लावायचे आणि त्यांच्या सांध्याला बेस जोडायचा. तिथे २.१ व्होल्ट मिळतात. एमिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये आणखी एक किलोओहम घालायचा. बेसपेक्षा एमिटर साधारण ०.६५ व्होल्टने खाली राहतो, म्हणजे त्या रेझिस्टरवर १.४ व्होल्ट पडतात आणि प्रवाह १.४ मिलीअँपिअर होतो. या हिशेबात बीटा जवळजवळ कुठेच आला नाही. काटेकोर गणित केलं, तर ११० बीटाला १.३४ आणि ८०० बीटाला १.४४ मिलीअँपिअर येतात. बीटा सातपट बदलूनही कलेक्टर ५.७ ते ५.२ व्होल्टमध्येच राहतो.

खरी राखण तो एमिटरचा रेझिस्टर करतो. काही कारणाने प्रवाह वाढू लागला, की त्याच्यावरचं व्होल्टेज वाढतं आणि एमिटर वर सरकतो. बेस जागेवरच असल्याने दोघांतलं अंतर कमी होतं आणि प्रवाह आवरला जातो. उष्णतेतही हेच कामी येतं. दर अंशाला बेस-एमिटरमधलं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. डबा ३० अंशांनी तापला, तर ६० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आपल्या सर्किटमध्ये त्याने प्रवाह जेमतेम चार टक्के वाढेल. पण बेसचं व्होल्टेज पक्कं करून एमिटर थेट ग्राउंडला जोडला असता, तर तेवढ्याच फरकाने प्रवाह कित्येक पटींनी वाढला असता. म्हणून एमिटर रेझिस्टर गाळलेला डिव्हायडर मला धोक्याचाच वाटतो.

डिव्हायडरमधून बेसच्या गरजेच्या निदान दहापट प्रवाह वाहू द्यावा. आपल्या जोडीत तो ०.२१ मिलीअँपिअर आहे, म्हणजे २०० बीटाला तीसपट. बॅटरी वाचवायला ४७० किलो आणि १०० किलो लावले, तर सांध्यावरचं व्होल्टेज बेसच्या ओढीने खचतं. ११० बीटाला ०.८३ आणि ८०० ला १.३२ मिलीअँपिअर, असा फरक पुन्हा डोकं वर काढतो. उलट फारच लहान रेझिस्टर घेतले, तर बॅटरी उगाच खर्ची पडते आणि येणारा क्षीण आवाज त्यांतच विरतो.

स्थैर्याची किंमतही आहे. एमिटर रेझिस्टर आवाजाच्या लाटेलाही तसाच आवरतो, त्यामुळे वाढ जेमतेम साडेचारपट मिळते. त्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, अधिक टोक एमिटरकडे ठेवून, की लाटेला आडवाट मिळते आणि वाढ दोन-अडीचशेपटीपर्यंत जाते. कपॅसिटर स्थिर प्रवाह जाऊ देत नाही, म्हणून ऑपरेटिंग पॉइंटला धक्का लागत नाही.

जोडणी झाली, की मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला ठेवून तीन ठिकाणी मोजावं. बेसला २ च्या थोडं वर, एमिटरला १.४ आणि कलेक्टरला साडेपाच व्होल्ट दिसले पाहिजेत. कलेक्टर १२ वर आणि बेस, एमिटर शून्यावर असतील, तर बहुधा ४७ किलोचं टोक सुटलं आहे. कलेक्टर आणि एमिटर दोन्ही सव्वादोनच्या आसपास चिकटून असतील, तर आधी १० किलोचा सांधा तपासावा.