चुंबकाचा उपचार आणि विजेचा झटका

निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारा चाळिशीचा कारकून डोळ्यांपुढे आणा. वर्षभर त्याला पहाटे तीनलाच जाग येते, अन्न गोड लागत नाही, कामात चित्त नाही. दोन निरनिराळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही खिन्नता हटली नाही. आता डॉक्टर चुंबकीय उपचार सुचवितात; तेव्हा त्याची पत्नी धास्तावून विचारते, "म्हणजे शॉकच ना?"

नव्हे. तारेच्या वेटोळ्यातील विद्युत्प्रवाह झपाट्याने बदलला, की जवळच्या वाहकात प्रवाह उमटतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून मेंदूला चेतना दिली. रुग्ण जागेपणी खुर्चीत बसतो. वेटोळे डोक्याच्या डाव्या बाजूस धरून उजव्या हाताचा अंगठा किंचित हलेल एवढे बळ प्रथम शोधतात. तेच मात्रेचे माप. मग वेटोळे थोडे पुढे, कपाळाच्या बाजूस सरकवितात. रूढ पद्धतीत चार सेकंद ठोके व सव्वीस सेकंद विसावा, असे सुमारे ३७ मिनिटे चालते. आवाज मोठा म्हणून कानांत बोळे घालतात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हा क्रम असतो. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास. आकडी क्वचितच येते.

विजेच्या उपचारात मात्र आकडी हाच हेतू असतो. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल व स्नायू सैल करणारे औषध देऊनच करतात. त्यांवाचून तो करणे आपल्याकडील २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याचा गुण लवकर व अधिक खात्रीने येतो, परंतु काही काळ स्मृती अंधुक होऊ शकते.

आता समजा, त्याच गल्लीतील एक म्हातारी अन्नपाणी सोडून मूक पडली आहे, किंवा आपण महापापी आहोत असे भ्रम तिला होत आहेत. तिच्यासाठी चुंबकाची आठवडे वाट पाहणे घातक. तेथे विजेचा उपचारच योग्य. आत्महत्येचा धोका तातडीचा असेल, तेव्हाही डॉक्टर बहुधा त्याचाच विचार आधी करतात.

कारकुनाला चुंबक मानवेल; मात्र त्याच्या डोक्यात धातूची चिमटी किंवा कानात बसविलेले श्रवणयंत्र नसावे, आणि आकडीचा पूर्वेतिहास असल्यास तो आधीच सांगावा. खरी अडचण निराळीच आहे. यंत्र असलेले रुग्णालय परगावी असेल, तर महिना-दीड महिना रोजची एस. टी. आणि बुडणारी मजुरी, हा हिशेब आरंभीच मांडावा. अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराने गुण आला नाही, तर दोष चुंबकाचा म्हणता येणार नाही. पुरा करूनही काहींना उतार पडत नाही. मग विजेच्या उपचाराचा मार्ग मोकळाच राहतो.