बिस्मथ सेलेनाइडची न तुटणारी जोडी

बिस्मथ सेलेनाइडचा स्फटिक अभ्रकासारखा असतो. करडा, चकचकीत, चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा अलगद निघतो. याचं कारण त्याच्या रचनेत आहे. सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम असा पाच अणुस्तरांचा एक गठ्ठा, जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. गठ्ठ्याच्या आतले बंध घट्ट, पण एका गठ्ठ्याला दुसऱ्याशी धरून ठेवणारं बल अगदी दुबळं. संशोधक हा पापुद्रा निर्वात कक्षात काढतात, ताज्या पृष्ठभागावर प्रकाश टाकतात आणि उडून आलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि कोन मोजतात. 2009 मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाला अशा मोजणीत सुमारे 0.3 eV च्या गॅपमध्ये एक स्वच्छ फुली दिसली. आतून इन्सुलेटर असलेल्या पदार्थाच्या पृष्ठभागावर धातू होता.

हा मुलामा नव्हे. वरचा पापुद्रा काढून टाका, खालचा नवा पृष्ठभागही तसाच वाहक निघतो. म्हणजे कारण आत शोधायला हवं.

त्यासाठी संवेगाच्या एकाच बिंदूकडे पाहू: Γ, म्हणजे k = 0. इथे गॅपच्या दोन्ही काठांवर p_z ऑर्बिटलपासून बनलेल्या अवस्था असतात. स्पिन-ऑर्बिट कपलिंग नसतं, तर बिस्मथची सम पॅरिटीची अवस्था वर, रिकामी राहिली असती आणि सेलेनियमची विषम पॅरिटीची अवस्था खाली, भरलेली. आता कपलिंग येऊ द्या. जड केंद्रकाजवळून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला तिथलं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्रासारखं जाणवतं, त्यामुळे त्याचा स्पिन त्याच्या कक्षीय गतीशी बांधला जातो. बिस्मथचा अणुक्रमांक 83, तेव्हा हे बंधन चांगलंच जबर. त्याने बिस्मथची अवस्था खाली ढकलली जाते, सेलेनियमची वर.

गणनेत ही कपलिंग शून्यापासून हळूहळू वाढवता येते. हायजुन झांग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तसं केलं. गॅप आक्रसत गेला, खऱ्या मूल्याच्या साधारण 60 टक्क्यांवर मिटला आणि पुन्हा उघडला. पण आता दोन्ही अवस्थांनी जागा बदलल्या होत्या. हेच बँड इन्व्हर्जन. त्याच रचनेत बिस्मथच्या जागी अँटिमनी घेतला, अणुक्रमांक 51, तर कपलिंग कमी पडते आणि ही अदलाबदल होत नाही.

गॅप तर पुन्हा आलाच, मग बिघडलं काय? फू आणि केन यांनी 2007 मध्ये दिलेली कसोटी अशी: स्फटिकाला केंद्रसममिती असेल तर आठ विशिष्ट संवेगांवर भरलेल्या बँडच्या पॅरिटी घ्या, प्रत्येक जोडीतून एकच, आणि सगळ्यांचा गुणाकार करा. बिस्मथ सेलेनाइडमध्ये आठांपैकी फक्त Γ वर उलथापालथ होते, म्हणून गुणाकार +1 चा −1 होतो. बाहेरच्या निर्वाताचं उत्तर +1. सममिती शाबूत असताना चिन्ह गॅप मिटल्याशिवाय बदलत नाही आणि सीमेवर ते बदलावंच लागतं. म्हणून गॅप तिथे, पृष्ठभागावरच मिटतो.

पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचं सर्वांत साधं समीकरण असं:

H = ħv(kₓσ_y − k_yσₓ)

फुली फोडायची तर यात mσ_z असं पद घालावं लागेल. पण काळ उलटा फिरवला की स्पिन उलटतो, σ_z चं −σ_z होतं; म्हणून काळ-सममिती हे पद येऊ देत नाही. Γ वरच्या दोन अवस्था क्रॅमर्स जोडी आहेत. काळ-उलट क्रिया T दोनदा केली की −1 मिळतो, त्यामुळे एकट्या अवस्थेला तिथे जागाच नाही. अशुद्धी फुलीला वर-खाली सरकवेल, रेषा वाकवेल. जोडी तोडू शकणार नाही.

हाच −1 इलेक्ट्रॉनाला उलट फिरूही देत नाही. ψ ची काळ-उलट अवस्था Tψ: संवेग उलटा, स्पिनही उलटा. चुंबकीय नसलेली कोणतीही अशुद्धी V घेतली, तर

⟨Tψ|V|ψ⟩ = −⟨Tψ|V|ψ⟩

आणि जी संख्या स्वतःच्याच ऋणाइतकी, ती शून्य.

इथे एक गैरसमज मला फार खटकतो: पृष्ठभागावर विरोधच नसतो, असं सर्रास लिहिलं जातं. बंदी आहे ती फक्त नेमक्या 180 अंशांवर. काटकोनात विखुरणं चालतं, म्हणून विरोध उरतोच. संरक्षणालाही अटी आहेत. 2010 मध्ये लोह आणि मँगनीज मिसळलेल्या नमुन्यांत फुलीच्या जागी गॅप दिसला, कारण चुंबकीय अणू काळ-सममिती मोडतात. त्याच वर्षी सहा गठ्ठ्यांहून पातळ फिल्ममध्येही गॅप दिसला. तिथे मात्र सममिती शाबूत होती. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांच्या अवस्था एकमेकींत मिसळल्या, आणि दोन फुल्या मिळून एकमेकींना मिटवू शकतात.

रोजची डोकेदुखी मात्र सेलेनियमची. वाढवताना तो स्फटिकातून निसटतो, प्रत्येक रिकामी जागा जास्तीचे इलेक्ट्रॉन सोडते आणि फर्मी पातळी थेट वहन बँडमध्ये चढते. फुली प्रकाशाने दिसते, पण तारा जोडून मोजलेला प्रवाह बहुतांश आतूनच वाहत असतो. म्हणून वाहकता मोजणारे Bi₂Te₂Se कडे वळले. त्यात टेल्युरियम आणि सेलेनियम आपापल्या ठरलेल्या स्तरांत बसतात, दोष कमी होतात आणि आतला भाग बराचसा गप्प राहतो.