पाटीवरचे पन्नास कोणते?

डब्लिनहून बेलफास्टला मोटारीने निघालात, तर डंडॉक सोडल्यावर आणि न्यूरी येण्याआधी देश बदलतो. चौकी नाही, फाटक नाही. बदलतं ते वेगमर्यादेचं माप. आयर्लंडमध्ये ते ताशी किलोमीटरमध्ये, उत्तर आयर्लंडमध्ये मात्र बाकीच्या ब्रिटनसारखं ताशी मैलांत. आयर्लंडनेही २० जानेवारी २००५ रोजीच मैल सोडले. पाटी दोन्हीकडे सारखीच दिसते: लाल कडं आणि आत काळा आकडा. आयरिश पाटीवर आकड्याखाली बारीक अक्षरांत km/h असतं, ब्रिटिश पाटीवर नुसता आकडा.

समजा, गाडी बेलफास्टला भाड्याने घेतली आहे. तिच्या स्पीडोमीटरवर ठळक आकडे मैलांचे. सीमा ओलांडून एका गावात शिरताना पाटी दिसली ५०, आणि तुम्ही काटा ५० वर आणलात. प्रत्यक्षात गाडी ताशी ८० किलोमीटरने गावातून चालली आहे. वेग १.६ पट झाला, तर ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे अडीच पटीने वाढतं. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’नुसार ५० मैलांच्या वेगाला थांबायला ५३ मीटर लागतात. गावच्या खऱ्या मर्यादेत असता, तर साधारण २४ मीटरमध्ये थांबला असता. उलट चूक निरुपद्रवी वाटते, पण हमरस्त्यावर तीही धोक्याचीच: ७० मैलांच्या रस्त्यावर ७० किलोमीटरने रेंगाळणाऱ्या गाडीवर मागचा येऊन आदळू शकतो.

एक मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर. चालत्या गाडीत हा गुणाकार कोण करणार? ज्यांनी लहानपणी दिडकीचा पाढा घोकला, त्यांचं काम सोपं आहे. मैलांच्या आकड्याची दीडपट करा आणि त्यात मूळ आकड्याचा दहावा हिस्सा मिळवा. ३० चे ४५ आणि ३, झाले ४८. ७० चे १०५ आणि ७, झाले ११२. खरं उत्तर ११२.६५, म्हणजे आपण किंचित कमीच धरलं, आणि मर्यादेच्या बाबतीत चूक याच बाजूला हवी.

किलोमीटरचे मैल करताना बरेच जण पाच-अष्टमांश घेतात. १२० चे ७५ येतात, खरं उत्तर ७४.५६, म्हणजे चूक नेमकी नको त्या बाजूला. त्याऐवजी निम्मे करून दहावा हिस्सा मिळवा: १२० चे ६० आणि १२, झाले ७२. ५० चे २५ आणि ५, म्हणजे ३०. थोडं हळू जाल, पण दंड होणार नाही.

आता एक पाटी उरते, तिच्यावर आकडाच नसतो: पांढऱ्या वर्तुळात तिरपा काळा पट्टा. नवख्याला वाटतं, मर्यादा उठली. तसं नाही. ब्रिटनमध्ये मोटारीसाठी त्याचा अर्थ दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. आपल्या हिशेबाने ९६ आणि ११२ किलोमीटर.