परिच्छेदातले प्रश्न आणि क्रमांकातले प्रश्न

वकील, अभियंता, सनदी लेखापाल किंवा सरकारी अधिकारी यांना सविस्तर ईमेल पाठवावा, आठवडाभर वाट पाहावी आणि शेवटी उत्तर यावे ते एका ओळीचे, हा अनुभव अनेकांच्या गाठी असतो. समोरच्याने नीट वाचले नाही, असा ग्रह मग होतो. पुष्कळदा दोष वाचण्यात नसतो. ईमेलमध्ये प्रश्न नेमके किती आणि कोठे आहेत, हेच दिसत नसते. तोच मजकूर क्रमांक घातलेल्या प्रश्नांत मांडला तर काय बदलते, हे उदाहरणादाखल एका प्रसंगातून पाहता येईल.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गोमंतकीय गृहस्थाने बार्देशातील वडिलोपार्जित मालमत्तेविषयी म्हापशाच्या वकिलांना लिहिलेला ईमेल असा आहे:

“आदरणीय वकीलसाहेब, नमस्कार. आपली प्रकृती बरी असेल. गेल्या मार्चमध्ये आमचे वडील वारले, हे आपणांस कळलेच असेल. आता घरात आई एकटीच असते आणि तिचे म्हणणे असे की घर आहे तसेच राहावे, पण मागच्या भाटाची देखभाल तिच्याने होत नाही आणि आमचा चुलतभाऊ ते घ्यायला तयार आहे, तेव्हा ते देता येईल का आणि त्यासाठी वारसांचा दस्त आधी करावा लागेल की विक्रीखतातच सारे येईल हे समजत नाही, शिवाय उताऱ्यावर बहुधा अजून आजोबांचेच नाव असावे. बहीण मस्कतला असते, तिला रजा मिळणे कठीण, तिने मुखत्यारपत्र दिले तर चालेल का, आणि भावोजींचीही सही लागते असे कोणी सांगितले ते खरे का? मी चतुर्थीला चार दिवस येणार आहे, तेवढ्यात काही होईल का, कोणते कागद आणावेत आणि साधारण खर्च किती येईल तेही कळले तर बरे. आपल्या सवडीने कळवावे.”

नऊ दिवसांनी उत्तर आले: “कागद घेऊन चतुर्थीत भेटा.” कोणते कागद, हे मात्र त्यात नव्हते.

उत्तर असे का आले?

या ईमेलमध्ये सात प्रश्न आहेत आणि प्रश्नचिन्ह एकच आहे. दोन सुनावण्यांच्या मध्ये मोबाईलवर तो वाचणाऱ्या वकिलाला सातही प्रश्न आधी स्वतः शोधून काढावे लागतात आणि प्रत्येकाचे उत्तर लिहिताना तो कोणत्या प्रश्नाविषयी बोलत आहे, हेही सांगावे लागते. म्हणजे उत्तर देण्यापूर्वीच त्याच्यावर एक काम येऊन पडते. साहजिकच तो शेवटचे वाक्य धरतो आणि भेटायला बोलावतो.

याहून मोठी हानी वेगळीच आहे. उताऱ्यावर आजोबांचे नाव असणे ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. ती एका लांब वाक्याच्या शेपटाला, तीही “बहुधा” या शब्दासह आली आहे. तिला प्रश्नाचे रूप न मिळाल्यामुळे लिहिणाऱ्यालाही तिचे वजन कळले नाही आणि वाचणाऱ्याच्याही नजरेतून ती निसटली.

फेरमांडणीची रीत

पहिली पायरी म्हणजे लिहिलेला परिच्छेद पुन्हा वाचत, जेथे जेथे समोरच्याकडून काही कळायला हवे तेथे पेन्सिलीने खूण करणे. “समजत नाही”, “कळले तर बरे”, “असे कोणी सांगितले” हे सारे लपलेले प्रश्न होत. “बहुधा” आणि “असावे” या शब्दांवरही खूण करावी, कारण तेथे लिहिणाऱ्याला स्वतःला खात्री नसते. यातील काही गोष्टी समोरच्याला न विचारता स्वतः तपासता येतात. या गृहस्थाने एक-चौदाचा उतारा काढला आणि “बहुधा” नाहीसे झाले. नाव आजोबांचेच होते.

दुसरी पायरी माहिती आणि प्रश्न वेगळे करण्याची. उत्तर देण्यासाठी जेवढी माहिती लागते तेवढीच वर चार-पाच ओळींत द्यावी. आईला एकटेपणा वाटतो, ही घरच्यांसाठी मोठी गोष्ट आहे. वकिलाच्या उत्तरात तिने फरक पडत नाही. बहिणीचे लग्न कोठे नोंदलेले आहे, याने मात्र पडतो.

तिसरी पायरी प्रत्येक क्रमांकाखाली एकच प्रश्न ठेवण्याची. “मुखत्यारपत्र चालेल का आणि भावोजींची सही लागते का” असे एका क्रमांकात घातले आणि उत्तर “हो” असे आले, तर ते कशाला आले हे कळत नाही. प्रश्न शक्यतो असा असावा की त्याचे उत्तर हो, नाही, एखादे नाव किंवा तारीख एवढ्यात देता येईल. “पुढे काय करावे?” हा प्रश्न क्रमांक घालूनही परिच्छेदच मागतो.

चौथी पायरी क्रमाची. ज्या उत्तरावर बाकीची उत्तरे अवलंबून आहेत, तो प्रश्न आधी यावा. समोरच्याला दोनच प्रश्नांपुरता वेळ मिळाला, तरी कामाची दोन उत्तरे हाती येतात. या प्रकरणात खर्चाचा प्रश्न गृहस्थाने वगळला, कारण कोणते दस्त करायचे हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

या रीतीने तयार झालेला ईमेल असा:

“विषय: भाटाची विक्री, ६ प्रश्न (१ व २ यांचे उत्तर १० ऑगस्टपर्यंत हवे)

आदरणीय वकीलसाहेब, नमस्कार. वडील मार्चमध्ये वारले. त्यांच्यामागे आई, मी आणि मस्कतला असलेली विवाहित बहीण आहोत. घर ठेवायचे आहे, मागचे भाट विकायचे आहे. घेणारा आमच्या थोरल्या काकांचा मुलगा आहे. उताऱ्यावर आजोबांचे नाव आहे (उतारा सोबत जोडला आहे). आजोबांना थोरले काका, वडील आणि आत्या अशी तीन मुले. आजोबा व आजी दोघेही हयात नाहीत.

१. उताऱ्यावर आजोबांचे नाव असताना आम्ही तिघेच भाट विकू शकतो का?
२. नसल्यास वारसांचा दस्त कोणाच्या पश्चात करायचा: आजोबांच्या, वडिलांच्या की दोघांच्याही?
३. बहिणीने मस्कतहून दिलेले मुखत्यारपत्र चालेल का?
४. भावोजींची सही लागेल का? (लग्नाची नोंद गोव्यात आहे, लग्नापूर्वी मालमत्तेविषयी करार केलेला नाही.)
५. मी चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून चार दिवस गोव्यात आहे. त्या मुदतीत कोणते काम होऊ शकेल?
६. येताना कोणते कागद आणावेत?

क्रमांक लिहून त्यापुढे एका शब्दात उत्तर दिले तरी पुरेल.”

उत्तर त्याच संध्याकाळी आले:

“१. नाही. २. दोघांच्याही, आजोबांचा आधी. काका आणि आत्या यांचाही हिस्सा आहे. ३. चालेल, मसुदा मी पाठवतो. ४. हो. त्यांचेही मुखत्यारपत्र बरोबरच घ्या. ५. दोन दिवस सुटीचे, दस्त होणार नाही. सर्व वारसांशी बोलून घ्या. ६. आजोबा, आजी, वडील यांचे मृत्यूचे दाखले, सर्व वारसांचे जन्माचे व लग्नाचे दाखले.”

वकिलाला हे लिहायला काही मिनिटे लागली असतील. त्यातून जे कळले ते लहानसहान नव्हते. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा असतो, त्यामुळे आत्याच्या संमतीवाचून भाट विकता येणार नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते. विकत घेऊ पाहणाऱ्या चुलतभावाच्या वडिलांचाही त्याच भाटात हिस्सा होता. चतुर्थीत चुलतभावाकडून विसार घेतला गेला असता, तर पुढे घराण्यात वाद उभा राहिला असता. लग्नापूर्वी वेगळा करार नसल्यास गोव्यात पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. भावोजींच्या सहीची गरज त्यातून आली. हा तपशील चौथ्या प्रश्नाच्या कंसात दिला नसता, तर उत्तरात “हो”ऐवजी उलट प्रश्न आला असता.

कोठे चुकते

क्रमांक घातल्याने सारेच सुटते असे नाही. प्रश्न सहा-सातांच्या पुढे गेले की यादी पुन्हा ओझे होते. अशा वेळी पहिल्या टप्प्याचे प्रश्न पाठवून उरलेले उत्तरांनंतरसाठी ठेवावेत. उत्तरांनंतर त्यांतील काही आपोआप गळतात, जसा येथे खर्चाचा प्रश्न बदलला: एका दस्ताचा नव्हे, दोन दस्तांचा खर्च विचारायचा होता.

उत्तर अर्धवट आले, तर राहिलेल्या प्रश्नांना नवे क्रमांक देऊ नयेत. “३ आणि ५ यांचे उत्तर राहिले आहे” असे लिहून तेच दोन प्रश्न त्याच क्रमांकांसह पुन्हा द्यावेत. क्रमांक बदलले की जुन्या आणि नव्या ईमेलमधील “३” वेगवेगळे होतात आणि कोणते उत्तर कोणाचे, याचा घोळ सुरू होतो. त्याच कारणाने क्रमांक हाताने टंकित करणे बरे. आपोआप येणारे क्रमांक कधीकधी दुसऱ्याच्या मोबाईलवर किंवा उत्तरात उद्धृत होताना नाहीसे होतात.

एकच यादी चौघांना पाठवली, तर प्रत्येकाला वाटते की दुसरा उत्तर देईल. तेव्हा प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणासाठी आहे त्याचे नाव असावे.

काही गोष्टी क्रमांकात बसतच नाहीत. आत्याला ही सारी हकीकत कळवताना त्या गृहस्थाने यादी पाठवली नाही. त्याने आधी फोन केला आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तो तिच्या घरी गेला. वकिलाला पाठवलेले सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांचा छापील कागद मात्र त्याने बरोबर नेला होता. आत्याने तो वाचला आणि दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवून विचारले, “म्हणजे माझीही सही लागणार?” बोलणे तेथून सुरू झाले.