दत्तक रजेचा अर्ज: मुदत नेमकी कधीपासून मोजायची?

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आणि मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक समजूत पक्की असते. न्यायालयाचा आदेश हातात पडला की दत्तकविधान पूर्ण होते, म्हणून रजेचा अर्जही त्यानंतरच करायचा. इंग्लंडमधली प्रक्रिया पाहिली की ही समजूत टिकत नाही. संस्थेमार्फत आलेले मूल किमान दहा आठवडे दत्तक पालकांच्या घरी राहिल्यावरच न्यायालयात अर्ज करता येतो. आदेशाची वाट पाहत बसलो, तर ज्या दिवसांसाठी ही रजा आहे तेच दिवस निघून जातात. म्हणून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या कायद्याने मुदतीची सुरुवात ‘मॅच’ झाल्याच्या दिवसाशी बांधली आहे. अमुक मूल तुमच्याकडे देण्याचे ठरले, असे संस्थेने कळवले की त्या दिवसापासून सात दिवसांत नोकरीच्या ठिकाणी सूचना द्यायची. सूचनेत दोन तारखा हव्यात: मूल घरी येण्याची अपेक्षित तारीख आणि रजा सुरू करण्याची तारीख. काही खऱ्या अडचणीमुळे सात दिवस पाळता आले नाहीत, तर शक्य तितक्या लवकर कळवण्याची सवलत आहे. पण त्या भरवशावर राहू नये. मालकाने मागितली तर सूचना लेखी द्यावी लागते. मागितली नाही तरी ईमेलनेच द्यावी, कारण पुढे वाद झालाच तर तारीख सिद्ध करता येते.

दुसरा घोळ रजा आणि वेतन एकच मानण्यातून होतो. रजा 52 आठवड्यांपर्यंत असते आणि 2015 पासून तिला किती काळ नोकरी झाली याची अट नाही. महिन्याभरापूर्वी रुजू झालेल्या कर्मचाऱ्यालाही ती मिळते. वैधानिक दत्तक वेतन मात्र जास्तीत जास्त 39 आठवड्यांचे असते. त्यासाठी मॅच झालेल्या आठवड्यापर्यंत सलग 26 आठवडे नोकरी आणि ठरलेली किमान कमाई लागते. वेतनाची सूचना ते सुरू होण्याच्या 28 दिवस आधी द्यायची असते आणि त्यासोबत पुरावा द्यावाच लागतो. रजेसाठी पुरावा फक्त मागितला तर. समजा, लेस्टरमधल्या एका कर्मचाऱ्याला 3 मार्चला मॅच कळली आणि मूल 20 एप्रिलला येणार आहे. रजेची सूचना 10 मार्चपर्यंत जायला हवी. मूल येण्याच्या 14 दिवस आधीपर्यंत, म्हणजे 6 एप्रिलपासून, रजा घेता येते. पण तेव्हापासून वेतनही हवे असेल तर 9 मार्च ही शेवटची तारीख ठरते. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागितल्या तर हा एका दिवसाचा फरक आड येत नाही. सूचना मिळाल्यावर 28 दिवसांत मालकाने रजेची शेवटची तारीख कळवायची असते. वेतन नाकारले तर कारणासह SAP1 हा फॉर्म द्यायचा असतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मूल येण्याची तारीख पुढे गेली तर? लवकर सूचना देऊन माणूस अडकत नाही का? धोका खरा आहे, पण तो आधी सूचना दिल्यामुळे येत नाही, ठरावीक तारीख धरल्यामुळे येतो. 6 एप्रिल असे लिहिले आणि मूल मे महिन्यात आले, तर सुरू झालेली रजा थांबवून पुन्हा सुरू करता येत नाही. ‘मूल घरी येईल त्या दिवसापासून’ असे लिहायची मुभा कायद्यात आहे, आणि तारीख डळमळीत वाटत असेल तर तेच लिहावे. ठरावीक तारीख आधीच दिली असेल, तर ती बदलण्यासाठी साधारण 28 दिवसांची सूचना लागते.

कागदपत्रांबाबत लोक गरजेपेक्षा जास्त देतात, आणि हे मला सर्वांत खटकते. मुलाच्या जन्मदात्यांची माहिती, त्याच्यावर गुदरलेले प्रसंग, समाजसेवकाचा गृहभेट अहवाल यांतले एचआरला काहीही लागत नाही. तुमचे आणि संस्थेचे नाव-पत्ता, मॅचची तारीख आणि मूल येण्याची तारीख एवढे दाखवणारे मॅचिंग सर्टिफिकेट किंवा संस्थेचे पत्र पुरते. कार्यालयाने यापलीकडे मागितले तर ‘का’ असे विचारण्यात गैर नाही. त्या मुलाचा भूतकाळ त्याचा स्वतःचा आहे. तो कुणाच्या फायलीत ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार पगारपत्रक करणाऱ्याला नाही.

भारतातून मूल दत्तक आणणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे भारतातला दत्तक आदेश पुरेसा मानण्याची चूक होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांकडून दत्तक घेण्यास परवानगी देणारी अधिकृत सूचना मिळावी लागते. ती मिळाल्यापासून 28 दिवसांत तिची तारीख आणि मूल ब्रिटनमध्ये येण्याचा अंदाज मालकाला कळवायचा असतो. जोडीदारासोबत दत्तक घेत असाल तर SC6 फॉर्मवर सहीही करायची असते. मूल पोहोचल्यावर पुन्हा 28 दिवसांत प्रत्यक्ष तारीख कळवायची आणि विमानाचे तिकीट पुरावा म्हणून जपून ठेवायचे. रजा मूल ब्रिटनमध्ये आल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर 28 दिवसांच्या आत सुरू होऊ शकते. म्हणजे मुलासोबत भारतात राहण्याचे आधीचे आठवडे या रजेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी वार्षिक किंवा बिनपगारी रजा त्याच पत्रात वेगळी मागून घ्यावी.