किती दगड, की किती वेळ?

एसटी घाट चढतेय आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला गाडीचा वेग काढायचा आहे. मिनिटभरात किलोमीटरचे किती दगड मागे गेले ते मोजायचं, हा झाला एक मार्ग. पण गाडी ताशी 20 ने चालली असेल, तर दोन दगडांमध्ये तीन मिनिटं जातात. दोन मिनिटं हिशेब सांगतो, वेग शून्य. तिसऱ्या मिनिटाला एक दगड दिसतो आणि तोच हिशेब म्हणतो, ताशी 60! गाडी बिचारी एकसारखी 20 नेच चाललेली असते.

मोटरच्या दांड्यावर बसवलेल्या एनकोडरचं दुखणं नेमकं हेच. त्यात एक चकती असते. समजा तिच्यावर 1000 रेघा आहेत. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला दोन सेन्सर, ए आणि बी. बी हा एपासून पाव रेघेनं सरकवलेला, म्हणून याला क्वाड्रेचर म्हणतात. आधी ए बदलला की बी, यावरून फिरण्याची दिशा कळते. एक रेघ सरकली की ए चढतो, बी चढतो, ए उतरतो, बी उतरतो. हे चार बदल म्हणजे चार एज. ते सगळे मोजले तर एका फेऱ्यात 4000 एज मिळतात, दर एजला 0.09 अंश. (विकत घेताना सांगितलेला आकडा रेघांचा की एजचा, हे विचारून घ्यावं, नाहीतर सगळा हिशेब चौपट चुकतो.)

आता कंट्रोलर दर मिलिसेकंदाला एज मोजतो आहे असं धरू. मोटर मिनिटाला 3000 फेरे घेते तेव्हा मिलिसेकंदाला 200 एज येतात. एखादा एज अलीकडे-पलीकडे झाला तरी चूक अर्धा टक्काच. पण तीच मोटर मिनिटाला 6 फेऱ्यांवर आणली की एज येतो अडीच मिलिसेकंदांनी एकदा. वाचन होतं 0, 0, 15, 0, 15. यावर विश्वास ठेवणारा कंट्रोलर दर एजला मोटरला धक्का देतो आणि ती गुरगुरायला लागते. मोजण्याचा अवधी 100 मिलिसेकंद केला तर आकडा शांत होतो, पण हाती येईपर्यंत शिळाही होतो.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: दोन दगडांमध्ये किती वेळ गेला? मायक्रोसेकंद मोजणारा टायमर 6 फेऱ्यांना 2500 दाखवतो; एकाची चूक झाली तर कुणाला कळणारही नाही. पण 3000 फेऱ्यांना एज 5 मायक्रोसेकंदांनी येतो. तिथे 5 ऐवजी 4 किंवा 6 वाचलं की चूक वीस टक्क्यांच्या घरात. या मोटरसाठी दोन्ही रीती मिनिटाला साधारण 475 फेऱ्यांपाशी सारख्याच वाईट ठरतात: तीन-तीन टक्के.

यातली एकच निवडायची गरज नाही. एज मोजायचे, पण भागायचं ते ठरलेल्या मिलिसेकंदानं नव्हे. मागच्या अवधीतल्या शेवटच्या एजपासून या अवधीतल्या शेवटच्या एजपर्यंत टायमरनं मोजलेल्या वेळानं. मग 3000 फेऱ्यांना चूक हजारात एक उरते, आणि 6 फेऱ्यांना पुन्हा 2500 मध्ये एक.

तरी अगदी हळू वेगात खाचखळगे राहतातच. मोटर थांबली तर पुढचा एज येतच नाही आणि पडद्यावर जुना वेग तसाच गोठून बसतो. अशा वेळी न आलेला एजही काही सांगत असतो: 10 मिलिसेकंद एज आला नसेल तर वेग मिनिटाला दीड फेऱ्याहून जास्त असूच शकत नाही. तेव्हा आकडा त्या मर्यादेबरोबर खाली आणायचा. दुसरा खड्डा, दांडा नेमका एजच्या सीमेवर थांबून थरथरतो तेव्हाचा. दोन एज काही मायक्रोसेकंदांत येतात आणि उभी मोटर सुसाट धावतेय असं दिसतं. पण त्यातला दुसरा एज उलट्या दिशेचा असतो. दिशा बदलली की त्या वेळावरून वेग काढायचाच नाही.

शिवाय चारही एज सारख्या अंतरावर कधीच नसतात. स्थिर वेगातही वाचन हलत असेल आणि तोच नमुना दर चार एजांनी परत येत असेल, तर दोष मोटरचा नाही, सेन्सरच्या बसणीचा. तेव्हा एच्या एका चढापासून एच्याच पुढच्या चढापर्यंत वेळ मोजावा. नमुना जातो, मात्र 6 फेऱ्यांना उत्तर 10 मिलिसेकंदांच्या सरासरीचं मिळतं.

जोरात फिरताना अडचण वेगळी. अर्डुइनो उनोसारख्या 16 मेगाहर्ट्झच्या बोर्डाला 5 मायक्रोसेकंदांत घड्याळाचे 80 ठोके मिळतात, आणि दर एजला हातातलं काम सोडून धावण्यात त्यातले बहुतेक खर्च होतात. एज निसटतात. दोन लागोपाठ निसटले तर दांडा पुढे गेला की मागे, हेही सांगता येत नाही. एसटीएम32 सारख्या चिपांत एज मोजणारा स्वतंत्र काउंटर असतो. या वेगाला तोच हवा.

एज निसटतायत का, हे बऱ्याच एनकोडरांत फेऱ्यातून एकदा येणाऱ्या तिसऱ्या सिग्नलवरून, इंडेक्सवरून, कळतं. एकाच दिशेनं फिरताना दोन इंडेक्समध्ये बरोबर 4000 भरले पाहिजेत. फक्त जोरात फिरवल्यावर कमी भरले तर मोजणारा मागे पडतोय. हळू फिरवतानाही आकडा जुळत नसेल, तर चकती पुसावी आणि मोटरच्या केबलशेजारून गेलेली एनकोडरची वायर बाजूला घ्यावी.