चार पर्याय आणि गाळलेले शब्द

'हिंदू विवाह कायद्यानुसार पुढीलपैकी कोणता विवाह शून्यकरणीय आहे? (अ) वर वीस वर्षांचा असताना झालेला. (ब) मामाच्या मुलीशी झालेला. (क) लग्नाच्या वेळी वधू गरोदर होती असा. (ड) लग्नानंतर नवऱ्याला मानसिक आजार जडला असा.'

कायद्याच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी शिकवते. हा प्रश्न जुन्या पेपरांच्या चालीवर मीच बांधला आहे. वर्गात तो टाकला की 'अ' आणि 'ब' यांच्यावरच बहुतेक मतं पडतात, 'क' म्हणणारे थोडे असतात. उत्तरपत्रिका 'क'च असेल, तरी माझं मन त्यावरही पुरतं बसत नाही. ते का, हे सांगण्यासाठी चारही पर्याय एकेक करून सोलावे लागतात.

आधी दोन शब्द. इंग्रजीत व्हॉइड आणि व्हॉइडेबल. मराठीत शून्य आणि शून्यकरणीय. शून्य विवाह कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो, मग हॉलचं भाडं भरलेलं असो की हजार माणसं जेवून गेलेली असोत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, कलम ११ खाली, याची कारणं तीनच आहेत: दोघांपैकी कुणाचा तरी आधीचा जोडीदार हयात असणं, दोघं निषिद्ध नात्यातली असणं, आणि दोघं एकमेकांची सपिंड असणं. शून्यकरणीय विवाह मात्र झालेला असतो, चालूही असतो. फक्त कलम १२ मधलं कारण असेल तर दुखावलेल्या जोडीदाराला तो कोर्टाकडून रद्द करून घेता येतो. तो गप्प बसला तर लग्न आयुष्यभर पक्कं. तो वारला तर सासू-सासरे किंवा दीर येऊन ते मोडू शकत नाहीत.

कलम ११ मध्ये एक बारीकसा शब्द आहे. विवाह शून्य असेल आणि कोर्ट तसं जाहीर 'करू शकेल', असं कायदा म्हणतो. म्हणजे हुकूमनामा नसला तरी विवाह शून्यच असतो. हुकूमनामा फक्त त्यावर शिक्का मारतो. 'शून्य विवाह कोर्टाच्या हुकुमानंतर शून्य होतो' असा पर्याय दिसला की तो चूक. शिवाय कलम ११ चा अर्ज त्या लग्नातल्या दोघांपैकी एकानेच दुसऱ्याविरुद्ध करायचा असतो. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर पहिली बायको त्या लग्नाची पक्षकार नाही, म्हणून तिला या कलमाखाली येता येत नाही. ते लग्न बेकायदा आहे असं जाहीर करून मागण्यासाठी तिला वेगळा दावा लावावा लागतो. हे ऐकून लोक चकित होतात, पण कलम तसंच आहे.

आता 'अ'. वराचं वय २१ हवं आणि वधूचं १८, हे कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे. म्हणून मुलं म्हणतात, अट मोडली म्हणजे विवाह गेला. पण अट मोडल्याचा परिणाम कलम ५ सांगत नाही. तो ११ आणि १२ सांगतात, आणि वयाची अट दोन्हींत कुठेच नाही. अट मोडल्याबद्दल कलम १८ मध्ये शिक्षा आहे. विवाह मात्र या कायद्याखाली ना शून्य, ना शून्यकरणीय. म्हणजे 'अ' बाद.

गंमत अशी की प्रश्नातले पहिले तीन शब्द बदलले तर हाच पर्याय बरोबर ठरतो. 'हिंदू विवाह कायद्यानुसार' च्या जागी 'बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार' लिहा. त्या कायद्याच्या कलम ३ खाली, लग्नाच्या वेळी जो पक्ष बालक होता त्याच्या इच्छेवर विवाह शून्यकरणीय आहे, आणि बालक म्हणजे २१ च्या आतला मुलगा किंवा १८ च्या आतली मुलगी. दावा सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण होण्याआधी लावावा लागतो. सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीला म्हणजे विसाव्या वाढदिवसापर्यंत मुदत मिळते. पण बालिकेला पळवून नेऊन, फसवून किंवा विकून लग्न लावलं असेल, किंवा कोर्टाचा मनाई हुकूम असताना लावलं असेल, तर याच कायद्याखाली तो विवाह मुळातच शून्य. आणि कर्नाटकाने या कायद्यात दुरुस्ती करून आपल्याकडचा प्रत्येक बालविवाह शून्य ठरवला आहे. कोल्हापुरात जो विवाह मोडता येण्याजोगा, तोच बेळगावात मुळातच नाही. सीमाभागात ज्यांच्या सोयरिकी दोन्हीकडे होतात त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

'ब'कडे वळताना मी वर्गाला विचारते, तुमच्यापैकी किती जणांच्या घरात मामाच्या मुलीशी लग्न झालंय? हात वर होतात, हसतातही. आपल्याकडे कित्येक घरांत ती पहिल्या पसंतीची सोयरीक. कायद्याच्या व्याख्येत मात्र बहीण-भावाची मुलं ही निषिद्ध नात्यातली. सपिंडाचा हिशेबही पाहा. आईच्या बाजूने तीन पिढ्या मोजायच्या, वडिलांच्या बाजूने पाच, आणि मोजणी स्वतःपासून सुरू करायची. मुलाकडून: तो एक, त्याची आई दोन, आईचे वडील तीन. मुलीकडून: ती एक, तिचे वडील दोन, त्यांचे वडील तीन. दोघांचा आजोबा एकच, आणि दोन्ही मोजण्या हद्दीत बसल्या. म्हणजे दोघं सपिंडही झाली. नुसती व्याख्या वाचली तर अर्ध्या महाराष्ट्राची लग्नं शून्य ठरतील.

ती वाचतात ती कलम ५ मधल्या रूढीच्या अपवादामुळे. रूढी किंवा परिपाठ परवानगी देत असेल तर विवाह वैध. पण वाक्य नीट वाचा: दोघांपैकी 'प्रत्येकाला' लागू असलेली रूढी हवी. 'दोघांपैकी एकाच्या रूढीने मान्य असल्यास' असा पर्याय घातला की तो चुकतो, आणि मुलं त्यावर हमखास फसतात. शिवाय रूढी ही जुनी, सलग, एकसारखी पाळलेली आणि ठाम असावी लागते, आणि ती सिद्ध करायचं ओझं रूढी सांगणाऱ्यावर असतं. 'आमच्यात चालतं' एवढ्यावर भागत नाही. घराण्यातली, जातीतली अशी झालेली लग्नं दाखवावी लागतात. म्हणून 'ब' एक तर वैध आहे, नाही तर शून्य. शून्यकरणीय ते कधीच नाही.

'ड' थोडक्यात संपतं. मानसिक आजारामुळे वैध संमती देता न येणं हे शून्यकरणीयतेचं कारण आहे, पण ते 'लग्नाच्या वेळी' असलं पाहिजे. नंतर जडलेला आजार घटस्फोटाच्या कलम १३ चा विषय. जुन्या गाइडांमध्ये या यादीत अजूनही अपस्मार सापडतो; तो शब्द १९९९ मध्येच कायद्यातून काढला. नपुंसकत्वाचंही तसंच. १९५५ च्या मूळ शब्दांत ते लग्नाच्या वेळेपासून दाव्यापर्यंत असावं लागे. १९७६ पासून समोरच्याच्या नपुंसकत्वामुळे विवाहसंबंध न येणं, असं कारण आहे. 'विवाहसंबंध आला नाही' एवढंच लिहिलेला पर्याय म्हणूनच अपुरा. 'मुळे' हा प्रत्यय गेला की कारणच गेलं.

आणि मग 'क'. वधू गरोदर होती. कुणापासून? कायदा म्हणतो, अर्जदाराखेरीज दुसऱ्या पुरुषापासून. साखरपुडा झाल्यावर ज्या नवऱ्यामुळेच ती गरोदर राहिली, त्याला हे कारण नाही. एवढ्याने झालं नाही. लग्नाच्या वेळी ही गोष्ट त्याला माहीत नसावी. कारण कळल्यानंतर त्याने राजीखुशीने शरीरसंबंध ठेवलेला नसावा. आणि दावा 'लग्नापासून' एका वर्षात लागला पाहिजे.

हे शेवटचं वाक्य घात करतं, म्हणून तारखा घेऊन पाहू. समजा, १२ मे २०२३ ला लग्न झालं. चार महिन्यांनी बाळ झालं आणि नवऱ्याला सप्टेंबरमध्ये सगळं उमगलं. मुलगी माहेरी गेली, दोघांत पुढे संबंध आला नाही. घरची मंडळी मिटवायचं म्हणून वर्षभर बैठका घेत राहिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नवऱ्याने वकील गाठला. त्याला वाटतं, कळून वर्ष झालेलं नाही. पण मुदत लग्नाच्या तारखेपासून धावते. मे २०२४ मध्येच ती संपली. आता याच्या शेजारी फसवणुकीचं कारण ठेवा. संमती दमदाटीने किंवा फसवणुकीने मिळवली असेल, तर दावा 'जोर संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून' एका वर्षात. दोन्हीकडे एक वर्षच, पण घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होतं. पर्यायातल्या 'एक वर्ष' या शब्दांवर खूण करून पुढे जाणारा इथेच चुकतो. आणि वकिलाकडे उशिरा येणारा पक्षकारही.

परीक्षेबाहेर या फरकाचे चटके बसतात ते बहुतेक बाईला. १९८८ साली यमुनाबाई आढाव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली बायको हयात असताना लग्न केलेली स्त्री पोटगीच्या कलम १२५ साठी 'पत्नी' नाही, कारण तिचा विवाह शून्य आहे. नंतर कोर्टाचा सूर मऊ झाला. नवऱ्याने पहिलं लग्न लपवलं असेल तर त्याला त्याच लपवाछपवीचा फायदा मिळू नये, हे २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यात म्हटलं गेलं. २०२५ मध्ये तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली, विवाह शून्य ठरला तरी कायम पोटगी मागता येते, असा निर्णय आला. ती द्यायची की नाही हे कोर्ट प्रकरणागणिक ठरवतं. मुलांचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे: विवाह शून्य असो की शून्यकरणीय म्हणून रद्द झालेला, कलम १६ खाली त्यांची मुलं औरसच.

वर्गात शेवटी मी 'क' दुरुस्त करून फळ्यावर लिहिते: 'लग्नाच्या वेळी वधू अर्जदाराखेरीज अन्य पुरुषापासून गरोदर होती, ही बाब अर्जदाराला तेव्हा माहीत नव्हती, कळल्यानंतर त्याने संमतीने शरीरसंबंध ठेवला नाही, आणि दावा लग्नापासून एका वर्षाच्या आत दाखल झाला आहे.' मागच्या बाकावरून दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, एवढा लांब पर्याय पेपरात येत नाही हो." येत नाही हे खरं. म्हणून 'क'वर टिक करा, असं मी सांगते. उरलेले तिघे नक्की चूक आहेत. पाचवा पर्याय 'यापैकी कोणताही नाही' असता, तर मात्र मीही पेन उचलायच्या आधी थोडा वेळ थांबले असते.